टपरीवरची वही

मागच्या दिवाळीच्या पाडव्याला सकाळी फराळ झाल्यावर मी टपरीवरच्या मामांची उधारी द्यायला गेलो होतो. मामांनी नवीन वहीला हळदीकुंकू लावून ठेवलेलं, बाजूला दोन झेंडूची फुलं, अन् जुनी वही मांडीवर घेऊन ते एकेकाचं पान काढून बेरीज सांगत होते. माझं पान काढलं, बोट खालपर्यंत नेलं, आकडा सांगितला आणि एकदम आपुलकीनं म्हणले, "मालक, तुम्ही सुधारला अन् आमचा धंदा वाढला बघा." त्यात टोमणा अजिबात नव्हता. मी गांजा सोडला हे गल्लीत बऱ्याच जणांना माहिती होतं, मामांना तर नक्कीच, कारण माझ्यासमोर त्यांनी कितीदा नजर दुसरीकडे वळवून सुटी सिगरेट पुढं केली होती. त्यांना खरंच आनंद झाला होता. मीच पैसे दिले, हसलो, घरी आलो, चिवडा खाल्ला, अन् दुपारी झोप काही लागेना.

तुम्ही सुधारला अन् धंदा वाढला.

संध्याकाळी परत गेलो आणि मामांना म्हणलं जरा जुनी वही दाखवा की. त्यांना वाटलं हिशोबावर शंका आहे, चेहरा उतरला, मग मी सांगितलं तसं काही नाही, मला माझंच बघायचंय. टपरीच्या त्या पिवळ्या बल्बखाली उभं राहून मी माझं मागच्या दोन वर्षांचं आयुष्य वाचलं. जुन्या पानांवर रोजच्या तारखेपुढं '2 सुटी', '2 सुटी', कधी '3 सुटी'. हे माझे गांजाचे दिवस. मग जानेवारी, आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात मी गांजा बंद केला, तिथून '4 सुटी', '5 सुटी'. मार्चअखेर सुटी हा शब्दच गायब, '10 चं पाकीट 1'. आणि मे महिन्यापासून कधी कधी त्याच दिवसापुढं अजून एक बारीक आकडा, 'व 2'. म्हणजे दोनाचे बारा. नशा सोडणाऱ्या माणसाचा आलेख असा वर चढलेला, आणि तो काढला कुणी तर टपरीवाल्यानं.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, की या सगळ्या काळात मी स्वतःला सिगरेट पिणारा समजतच नव्हतो. नऊ वर्षं गांजा ओढला, विसाव्या वर्षी कॉलेजमागच्या मैदानात सुरू झाला तो, आणि नऊ वर्षांत सुरुवातीची एखाद-दुसरी सोडली तर साधी सिगरेट अशी पेटवून मी ओढली नाही. सिगरेट घ्यायचो ती फोडायला. ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही, तरी सांगतो, सुटी सिगरेट दोन बोटांत फिरवायची की तंबाखू तळहातावर सांडते, हलकी, सोनेरी, जराशी गोडसर वासाची, मग पुडीतला माल काड्या आणि बिया वेचून बारीक करायचा, दोन्ही एकत्र चोळायचं आणि कागदात भरायचं, टोकाला पुठ्ठ्याची गुंडाळी. एका सिगरेटीच्या तंबाखूत दोन जॉइंट. दिवसाला माझे चार-पाच व्हायचे. म्हणजे दोन-अडीच सिगरेटी एवढीच तंबाखू, आणि माझ्या डोक्यात तंबाखू ही काही नशाच नव्हती, ते नुसतं सरपण होतं, माल नीट जळावा, लवकर संपू नये, घशाला कमी लागावा म्हणून घातलेलं. भाजीत पाणी घालतात तसं.

हे पाणी नव्हतं.

एका सिगरेटीत साधारण 10-12 मिलिग्रॅम निकोटीन असतं. नेहमीच्या ओढण्यात त्यातलं जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम अंगात जातं, बाकीचं जळून, हवेत, थोटकात जातं. पण ओढणाऱ्यानं झुरका लांब आणि खोल घेतला तर तेवढ्याच तंबाखूतून तो जास्त काढून घेतो. आणि जॉइंट कसा ओढतात ते आठवा. सिगरेटीसारखा बोलत बोलत कुणी ओढत नाही. डोळे मिटून, छाती भरून, शेवटपर्यंत. पुठ्ठ्याची गुंडाळी म्हणजे फिल्टर नव्हे, ती फक्त ओठ भाजू नयेत आणि चुरा तोंडात येऊ नये म्हणून. त्यामुळं वहीतल्या त्या '2 सुटी' वर जाऊ नका, माझ्या मेंदूला त्या दोन म्हणून कधीच पोचल्या नाहीत. आणि त्या एकदम पोचल्या नाहीत, दिवसभरात चार-पाच वेळा वाटून पोचल्या, सवय लावायला याच्यापेक्षा चांगली पद्धत नाही.

महिनाअखेरीचं तर वेगळंच. पगार संपत आला की पुडी पण संपत आलेली असायची, मग माल कमी आणि तंबाखू जास्त. पुडीच्या तळाची शेवटची चिमूट चार जॉइंटमध्ये पुरवायची म्हणजे त्यात नावालाच गांजा. तरी आम्ही ते आनंदानं ओढायचो आणि म्हणायचो, चला भागलं एकदाचं. काय भागलं, ते कुणी विचारलं नाही.

एकदा हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो आम्ही चौघं, हिवाळ्यात, तळ्यावर पाखरं उतरलेली, वारा असा की काडी पेटेना. एका दोस्तानं कुठनं तरी चांगला माल आणला होता अन् घाईत सिगरेटच घ्यायची विसरलेली, तुळजापूर रोडला परत कोण जाणार, म्हणून नुसता माल भरला. ओढला. पहिल्या झुरक्याला काहीच नाही. म्हणजे थोड्या वेळानं डोकं जड झालं, जीभ कोरडी पडली, ते सगळं झालंच, पण पहिला झुरका घेतल्याबरोबर कपाळाच्या मागं जो एक ठोका बसतो, हातपाय एकदम सैल होतात, 'हां, लागला' असं जे वाटतं, ते आलंच नाही. चौघांनी मिळून ठरवलं की माल बोगस आहे. आणणारा बिचारा शपथा घेत होता. दुसऱ्या दिवशी तोच माल सिगरेट फोडून नेहमीसारखा भरला आणि आम्ही सगळे म्हणलो, अरे हा तर भारी आहे बे. ही गोष्ट आम्ही पुढं कितीतरी वर्षं हसत सांगायचो, आणि तिच्यातच सगळं उत्तर पडलेलं होतं. झुरका घेतल्यावर निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. गांजाची धुंदी चढायला काही मिनिटं जातात. जो ठोका आम्ही गांजाचा म्हणून ओळखत होतो, ज्याच्यावरनं मालाची प्रत ठरवत होतो, त्यात बराचसा वाटा त्या मोजत नसलेल्या तंबाखूचा होता. खरं तर तंबाखू मिसळली की तेवढ्याच गांजातनं नशेचं द्रव्य धुरात जास्त उतरतं असंही प्रयोगशाळेत मोजलेलं आहे, म्हणजे दोघं एकमेकांचा जोर वाढवतात. पण त्या दिवशी तलावावर चौघांना चुकल्यासारखं झालं ते कशामुळं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

आमच्या घरात तंबाखू नवीन नव्हती. आई विड्या वळायची. पूर्व भागात आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात सूप मांडीवर घेऊन बसलेली एक बाई असायचीच, तेलुगू घरांत जास्त, पण आमच्यासारखी मराठी घरं पण होती. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी ती कात्रीनं मापात कापायची, मग दिवसभर चिमटीनं तंबाखू घालून वळणं, टोक दुमडणं, दोरा बांधणं. आईचे हात बोलताना पण थांबायचे नाहीत. माझ्या लहानपणाच्या घराचा वास म्हणजे तंबाखूचा वास, पांघरुणाला तो, कडक भाकरीच्या डब्याला तो, शाळेच्या दप्तराला तो. म्हणून मला तंबाखूचं भय असं कधी वाटलंच नाही. जी वस्तू आईच्या मांडीवर असते ती धोक्याची कशी वाटणार. आणि तिचा खोकला, तो तर सगळ्याच बायकांना होता.

तर मी तेवीस-चोवीसचा असताना आईनं एकदा धुवायला माझा शर्ट घेतला आणि खिशाच्या शिवणीतली चिमूटभर धूळ तळहातावर घेऊन बाहेर आली. माझ्या पोटात गोळा. मला वाटलं गांजाच्या काड्या सापडल्या. तिनं तळहात उजेडात धरला, बोटानं पसरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "ही विडीची नव्हं. विडीची काळपट असतीय. ही पिवळी हाय, शिगरेटची. कधीपासून वडतोस?" आणि मी, सुटलो या आनंदात, तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी सिगरेट ओढत नाही. खोटं बोलतोय असं मला एक क्षणही वाटलं नाही. मी खरंच सिगरेट ओढत नव्हतो. तिनं माझ्याकडं बघितलं, धूळ नळाखाली धुतली आणि परत सुपाशी जाऊन बसली. चाळीस वर्षं तंबाखू हाताळलेल्या बाईला चिमूटभर धुळीत जे दिसलं ते मला पुढं सहा वर्षं दिसलं नाही, आणि आता तो प्रसंग आठवला की शपथ खोटी होती याच्यापेक्षा, मी ती मनापासून घेतली होती, याचंच जास्त वाईट वाटतं.

आता जानेवारीकडं येतो, म्हणजे गांजा सोडला तेव्हाकडं. कारण साधं होतं, बायको गरोदर होती आणि तिनं एकदाच, न रडता, न ओरडता विचारलं होतं की बाळ आल्यावर पण हे असंच चालणार का. मी बंद केला. दोस्तांनी सल्ला दिला, जो असा सल्ला नेहमी देतात, की तलफ आली की एक साधी सिगरेट मार, निघून जातीय. पहिला आठवडा वाईट गेला. रात्री घामानं उशी भिजायची, स्वप्नं इतकी खरी पडायची की उठल्यावर पाच मिनिटं कळायचं नाही आपण कुठं आहे, भाकरीचा घास तोंडात फिरायचा. हे खरं गांजाचं सुटणं होतं. ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जोरात असतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, माझं पण ओसरलं. फेब्रुवारीत मी नीट झोपत होतो, जेवत होतो.

पण दिवसाची तलफ काही जाईना. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला आहे, आत सगळा कापसाचा बारीक उडता धुरळा, काडी पेटवायचा प्रश्नच नाही, त्यामुळं चहाच्या सुट्टीला गेटबाहेर जायचं. अकराला बाहेर, एकला बाहेर, साडेतीनला बाहेर. प्रत्येक वेळी मनात एकच, गांजाची तलफ आलीय, ती मारायची म्हणून सिगरेट. आणि सिगरेट ओढली की तलफ जायची, अगदी साफ जायची, दोन तासांनी परत यायची.

गांजाची तलफ सिगरेटनं भागत होती आणि मला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही.

हे मी आता एका ओळीत लिहितोय पण हे कळायला मला दुसऱ्या माणसानं बोट धरून न्यावं लागलं. पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी मी पहिल्यांदा सिगरेटच्या पाकिटाकडं नीट बघितलं, त्यावर 1800-11-2356 असा फुकट लागणारा नंबर छापलेला असतो, तंबाखू सोडायच्या मदतीचा. 2018 पासून प्रत्येक पाकिटावर आहे तो. मी नऊ वर्षं सुटी घेत आलो, सुट्या सिगरेटीवर कुठला नंबर आणि कुठलं चित्र. (आपल्याकडं सुटी विकायला 2020 पासून बंदी आहे, ती सोलापूरच्या कुठल्या टपरीवर पाळली जाते ते मला दाखवा.) फोन केला, त्यांनी बोलून घेतलं, आणि त्यातनंच धीर येऊन मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत गेलो. तिथं एक डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या असतील. मी दारातच सांगितलं, मॅडम, गांजाचं पण सांगायचंय पण भीती वाटते. त्या म्हणल्या, "इथं उपचारासाठी सांगितलेलं पोलिसांसाठी नसतं. सांगा." याआधी दुसऱ्या कामासाठी दोन-तीन डॉक्टरांनी 'सिगरेट?' विचारलं तेव्हा मी 'नाही' सांगितलेलं, ते पण मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांच्याकडं सहा प्रश्नांची एक यादी होती, तंबाखूची पकड किती आहे ते बघायची. पहिला प्रश्न, सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती मिनिटांनी. मी म्हणलं दहा-पंधरा. त्यांनी लिहिलं, मग पेन खाली ठेवला आणि यादीत नसलेला प्रश्न विचारला. "गांजाच्या काळात पहिला जॉइंट उठल्यावर किती मिनिटांनी?" मी विचार केला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं, चहाच्या आधी. म्हणलं, वीस मिनिटं. "आणि त्यानंतरचा?" दोन-अडीच तासांनी, कामावर जायच्या आधी किंवा पहिल्या सुट्टीला. "गांजाची धुंदी तर दोन ते चार तास राहते, आणि तो चरबीत साठतो, अंगातनं आठवडे आठवडे जात नाही. रोज ओढणाऱ्याच्या अंगात तो उठल्यावर पण असतोच. मग वीस मिनिटांत एवढी घाई कशाची व्हायची? रात्रभरात पूर्णपणे उतरतं ते काय?" मी गप्प. त्याच म्हणल्या, "निकोटीन. दर दोन तासांनी अंगातलं अर्धं होतं. रात्री आठ तास झोपलात तर सकाळी जवळजवळ संपलेलं असतं. तुमचं घड्याळ सुरुवातीपासून तंबाखूचं आहे. तुम्ही त्याला नाव गांजाचं दिलं होतं."

मी तिथं बसून राहिलो. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, भिंतीवर तोंडाच्या कॅन्सरचं चित्र होतं आणि मला ती टाकीमागची सकाळ दिसत होती, नऊ वर्षांच्या सगळ्या सकाळी. त्या म्हणल्या, या यादीत अजून एक प्रश्न असतो, दिवसाला किती सिगरेटी, आणि जॉइंटवाली माणसं तिथं शून्य सांगतात, म्हणून त्यांची पकड कागदावर कधी दिसतच नाही. मग ती गांजा सोडतात आणि दोन महिन्यांनी पाकीट घेऊन येतात. किंवा उलटं, सिगरेट सोडतात पण रात्रीचा एक जॉइंट ठेवतात, आणि त्या एका जॉइंटमधली तंबाखू सिगरेटची वाट रोज उघडी ठेवते.

माझी वाट दुसऱ्या बाजूनं उघडी राहिली होती. मधे गणपतीत मी तीन आठवडे परत गांजावर होतो, हे मी वर सांगितलं नाही. मिरवणुकीच्या रात्री दोस्तांत उभा, हातात पेटलेली सिगरेट. कुणी जबरदस्ती केली नाही. एकानं फक्त म्हणलं, थोडा टाक की तेच्यात. आणि खरंच, काय राहिलं होतं टाकायचं? कागद हातात, धूर छातीत, ओठांची ती ओळखीची ठेवण, तोच वास. सिगरेट ओढणारा माणूस जॉइंटच्या निम्म्या वाटेवर आधीच उभा असतो. जे हाताला आणि नाकाला शिकवलंय ते हात आणि नाक विसरत नाहीत, आणि सिगरेट दिवसातून बारा वेळा त्यांची उजळणी घेते. मॅडमनी सांगितलं की जी माणसं गांजा सोडून तंबाखू चालू ठेवतात ती गांजाकडं जास्त परततात, म्हणून जमत असेल तर दोन्ही एकत्र सोडा. अवघड जातं, कारण चिडचिड, झोप न लागणं, जीव घाबरा होणं ही दोघांची लक्षणं एकावर एक चढतात. पण त्यांना वेगळं ओळखता येतं. घाम, ती खरीखुरी स्वप्नं, अन्नावरची वासना जाणं, हे गांजाचं. आणि भूक वाढणं, लक्ष न लागणं, जेवण झालं की, चहा घेतला की हात खिशाकडं जाणं, दर दीड-दोन तासांनी अंग आवळून येणं, हे निकोटीनचं. मला जानेवारीत पहिलं झालं होतं. आता डिसेंबरात दुसरं झालं. दोन वेगवेगळ्या ऋतूंसारखे मी ते दोन्ही भोगले म्हणून आता मला त्यांचे चेहरे वेगळे दिसतात.

दोघांत अजून एक फरक आहे आणि तो फार कामाचा आहे. गांजाची सवय सोडवायला खास मंजूर झालेलं औषध अजून नाही, तिथं समुपदेशन आणि दिवस काढणं. निकोटीनला औषध आहे. म्हणजे ज्या तलफेला मी वर्षभर गांजाची समजून दात आवळून सहन करत होतो आणि सिगरेट देत होतो, तिला च्युइंगम चालली असती. मला 4 मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंगम दिली, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला 4 ची, उशिरा ओढणाऱ्याला 2 ची. (हृदयाचा त्रास, गरोदरपण वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) पहिले दोन दिवस मी ती चुकीची खाल्ली. साध्या च्युइंगमसारखी भराभरा चावली, घशात तिखट आग, उचक्या, मळमळ, वर चहा प्यायलो त्यामुळं उपयोग पण नाही. मला वाटलं हे फसवं आहे. परत गेलो तेव्हा मॅडम म्हणल्या, "सोलापूरचे ना तुम्ही? मावा गालात धरतात तशी धरायची." सावकाश चार-सहा वेळा चावायची, जिभेला मिरीसारखं झणझणलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, झणझण गेली की परत दोन-चार वेळा चावायची, असं अर्धा तास. निकोटीन गालातनं शोषलं जातं, गिळलं तर पोटात नुसती जळजळ. आणि आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण आंबट-तुरट तोंडात ते शोषलं जात नाही. तलफ यायची वाट बघत बसायचं नाही, पहिले सहा आठवडे दर तास-दोन तासांनी एक, नंतर अंतर वाढवत न्यायचं.

चहाचं एक अजून. दुसऱ्या आठवड्यात माझी छाती धडधडायला लागली, हात थरथरायचे, मला वाटलं च्युइंगम बाधली. पण धुरामुळं लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर काढून टाकत असतं, धूर बंद झाला की तेवढाच चहा दुप्पट लागतो. आमच्या कारखान्यात दिवसाला सहा कप व्हायचे. तीन केले, धडधड गेली, झोप पण जराशी सुधारली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी जणांची 'सोडल्यावर मला सहनच होत नाही' ही तक्रार निम्मी झाली असती असं मला वाटतं.

त्या दिवसांत मी खिशात एक छोटी वही ठेवली होती, मामांच्या वहीसारखी उभ्या रेघांची. तलफ आली की वेळ लिहायची, च्युइंगम गालात ठेवायची, वीस-पंचवीस मिनिटांनी बघायचं गेली का. गेली की पुढं 'तं' लिहायचं. नाही गेली तर 'गां'. पहिल्या चौदा दिवसांची पानं माझ्याकडं आहेत. सकाळचे, अकराचे, जेवणानंतरचे, गेटबाहेरचे सगळे 'तं' 'तं' 'तं'. 'गां' आहेत ते नऊ, बहुतेक रात्री साडेनऊच्या पुढचे, आणि दोन त्या दिवसाचे, ज्या दिवशी एका दोस्ताचा फोन आला होता. नऊ वर्षं मी ज्याच्याशी भांडत होतो तो रात्रीचा एक किरकोळ पाहुणा होता, आणि घरात राहायला आलेला दुसराच होता. गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, माझं त्यानं काय काय नेलं ते मला माहिती आहे, आणि तंबाखू न घालता नुसता ओढला म्हणजे फुप्फुसं वाचली असंही नाही, धूर तो धूरच. पण मला जर कुणी विसाव्या वर्षी, त्या मैदानात, तळहातावरची ती सोनेरी तंबाखू दाखवून सांगितलं असतं की बघ, तुला उद्या सोडता येणार नाही ती ही, तर मी निदान तिच्याकडं बघितलं तरी असतं.

आईला च्युइंगमचं सांगितलं. आता ती विड्या वळत नाही, डोळे साथ देत नाहीत, सूप माळ्यावर उलटं ठेवलंय. तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं, "ह्यात बी तंबाखूच हाय म्हणं?" मी म्हणलं हो, तंबाखूतलं थोडं, धूर नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग तवा कबूल का नाय केलास?" शर्टाचं तिला अजून आठवत होतं. मी तिला म्हणलं, आई, मला खरंच माहिती नव्हतं. तिला ते पटलं का नाही ते कळलं नाही. बाळ रांगत येऊन तिच्या मांडीवर चढलं, जिथं सूप असायचं तिथं, आणि मी बोलायचा थांबलो.

परवा संक्रांत झाली, गड्डा भरलाय, मामांच्या टपरीवर गर्दी. मी शेंगा घ्यायला थांबलो तर मामांनी हळूच विचारलं, "मालक, काय चुकलं काय आमचं? दुसरीकडनं घेताय का?" नवीन वहीत माझं पान डिसेंबरपासून कोरं आहे. मी सांगितलं, सगळंच बंद केलंय मामा. त्यांनी मान हलवली, विश्वास बसला की नाही देव जाणे, आणि वही मिटायला म्हणून पान उलटलं. पुढचं पान हिप्परग्याला माल आणणाऱ्या त्या दोस्ताचं. तो अजून अभिमानानं सांगतो की मी सिगरेट पीत नाही बे, घेतो ती फोडायला. त्याच्या पानावर तारखांच्या पुढं एकाखाली एक '1 सुटी', '1 सुटी', '1 सुटी', पार खालपर्यंत. शेवटच्या आठ-दहा ओळींत '2'.

मी मामांना म्हणलं, थांबा, पान मिटू नका, आणि त्याला फोन लावला.